कलम सहा उडवल्याची गोष्ट

वकिलांच्या त्या कार्यालयात त्याला सगळे भिंग म्हणत. समोर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. त्याचं काम एकच. करार सहीला जाण्याआधी शेवटचा मसुदा वाचायचा आणि चुका पकडायच्या. हे काम करून करून माणूस घरात कसा होतो, ते त्याच्या बायकोला विचारा. "येताना पाव आणा," असं तिने म्हटलं की हा विचारणार, "पाव म्हणजे छोटे की मोठा? गेल्या वेळी 'पाव' म्हणालीस आणि तुझ्या मनात टोस्ट होता." त्यावर ती पिशवी उचलून निघे. स्वतःच जाऊन घेऊन येई.

मसुदा तपासायची त्याची एक यादी होती, स्वतः तयार केलेली, टेबलाच्या काचेखाली ठेवलेली. पहिलं, 'कलम अमुक पाहा' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे ते कलम खरंच तेच आहे का. दुसरं, ज्या शब्दाची सुरुवातीला व्याख्या केली, तोच शब्द शेवटपर्यंत वापरलाय का. तिसरं, कुठे रिकामी जागा राहिली नाही ना. चौथं, आकडे अंकांत, अक्षरांत आणि परिशिष्टात एकसारखे आहेत का. नवीन माणूस आला की हा त्याला काचेजवळ न्यायचा आणि यादी वाचून दाखवायचा. वाचताना आवाज असा काढायचा, जणू यादी आकाशातूनच खाली पडली होती. आपल्या या आवाजाचं त्यालाही कधीकधी हसू यायचं. पण आवाज काही बदलायचा नाही.

तर झालं असं की त्याच्या मेहुणीचा करार त्याच्याच टेबलावर आला. बायकोची थोरली बहीण, हा तिला ताई म्हणायचा. तिचं पाळणाघर होतं. जुन्या जागेचा मालक जागा विकत होता आणि नवी जागा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. तळमजल्यावरची खोली, मागे अंगण, मुलांना पळायला पुरेसं. पाच वर्षांचा करार आणि पुढे आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मागायचा हक्क. त्या हक्कावर ताईचा सगळा जीव होता. मुलांच्या उंचीचे नळ बसवायचे, खिडक्यांना जाळ्या लावायच्या, आणि पाच वर्षांनी मालकाने हात जोडून बाहेर काढलं तर? एक फर्निचरवाला त्याच जागेवर डोळा ठेवून बसला होता. मालक त्याच संध्याकाळी मुलाकडे परदेशी निघणार होता. सही दुपारी व्हायलाच हवी होती.

"जावईबापू," ताई फोनवर म्हणाली, "आजवर तुम्ही आमच्या घरच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढल्यात. आता जरा उपयोगाच्या काढा."

भिंग जोरात कामाला लागला. काय काय सापडलं! 'जागा' या शब्दाची व्याख्या 'तळमजल्यावरील खोली व अंगण' अशी होती आणि दुरुस्तीच्या कलमात मात्र 'मालमत्ता' लिहिलं होतं. म्हणजे कुणी अडून बसलं तर सगळ्या इमारतीचं गळकं छप्पर ताईच्या गळ्यात. ताबा द्यायच्या तारखेची जागा रिकामी होती. सूचनेची मुदत करारात नव्वद दिवस आणि परिशिष्टात साठ. हा ताईचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे जाऊन एकेक चूक अशी मांडत होता, जणू मासे पकडून आणलेत.

इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण गडी फॉर्मात होता. त्याच्या लक्षात आलं की कलम सहा म्हणजे कलम दोनचीच पुनरुक्ती आहे. वकीलबाईंनी पाहिलं, मालकाच्या वकिलांना फोन केला आणि म्हणाल्या, "खरंय, उडवा." याने उडवलं. पुढच्या कलमांचे आकडे संगणकाने आपोआप एकेकाने कमी केले. मजकुरातले 'कलम अमुक पाहा' मात्र हाताने टाइप केलेले होते, ते जसेच्या तसे राहिले. आणि यादीतला पहिला मुद्दा? त्यावर तर सकाळीच बरोबरची खूण झाली होती! पुन्हा कशाला बघायचं? भिंगाने प्रती छापल्या आणि केस विंचरले.

दुपारी बैठकीच्या खोलीत मालक, मालकाचे वकील, वकीलबाई आणि ताई असे सगळे जमले. भिंग कोपऱ्यात, पण मान अशी ताठ की फोटो काढायला आलाय असं वाटावं.

"यांच्या नजरेतून काही सुटत नाही," ताई मालकाला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याचं कौतुक करत होती. मग याच्याकडे वळली. "ते मुदतवाढीचं कलम कुठलं हो? तेवढं डोळ्यांनी बघून सही करते."

"तेरा," हा न बघता म्हणाला. पाठ होतं ना!

ताईने पानं उलटली. "तेरावर तर 'करार संपवणे' लिहिलंय."

भिंगाने झटकन खुर्ची पुढे ओढली. त्याने आपली प्रत उघडली. मुदतवाढ आता बाराव्या कलमात होती. तेरावं म्हणत होतं की कलम बारामधला प्रकार घडल्यास मालक करार तात्काळ संपवू शकेल. बारावं पूर्वी अटी मोडण्याचं होतं. आता ताईने मुदतवाढ मागितली रे मागितली, की मालक तिला त्याच दिवशी बाहेर काढायला मोकळा.

"बाराला असेल," मालक घड्याळ बघत म्हणाला. "आकड्याचं काय एवढं? करा सही."

ताईने पेनाचं टोपण काढलं. भिंगाच्या डोक्यात एकाच वेळी दोन विचार आले. एक, आत्ता गप्प बसावं, उद्या वकीलबाईंना हळूच सांगावं, काहीतरी होईल. दुसरा, मालक उद्या इथे नसेल. आणि लाज अशी वाटत होती की टेबलाखाली शिरावं.

"थांबा!" तो ओरडला. आवाज भलताच बारीक निघाला. "चूक आहे. माझी. मी कलम सहा उडवलं आणि पुढचे संदर्भ तपासलेच नाहीत."

त्याने तेरावं वाचून दाखवलं. मालकाचे वकील आधी खो खो हसले, मग म्हणाले, "आमची काही हरकत नाही बुवा, असंच राहू द्या!" वकीलबाईंनी भिंगाकडे असं पाहिलं की त्याचे कान तापले. मालक वैतागला. "मला विमान गाठायचंय. आता काय सगळं पुन्हा?"

"सगळं पुन्हा," भिंग म्हणाला. "पहिल्या कलमापासून."

ताई शेजारी येऊन बसली. प्रत्येक 'कलम अमुक पाहा' हा वाचायचा, ती ते कलम शोधून बोट ठेवायची आणि मथळा मोठ्याने म्हणायची. अनामत परत देण्याचा संदर्भ चुकलेला निघाला, परिशिष्टातलाही. मालक येरझारा घालत होता, पण गेला नाही. नव्या प्रती आल्या आणि ताईने पान न् पान बघून सावकाश सही केली.

सगळे गेल्यावर भिंग तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. "ताई, मी तुमचं वाटोळंच करणार होतो."

"हो ना," ती म्हणाली. "अहो, आमच्याकडे तीन वर्षांची पोरं दूध सांडतात आणि पडद्यामागे लपतात. 'मी सांडलं' एवढं म्हणायला त्यांना शिकवता शिकवता माझं वर्ष जातं. तुम्ही आज भरल्या खोलीत म्हणालात."

भिंगाला एकदम रडूच आलं, चांगलं मोठ्याने, जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

ताईने सवयीने पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्या नाकाला लावला. "शिंकरा," ती म्हणाली, आणि त्याने मुकाट्याने शिंकरलं.