मॅडमच्या नावावर खपलेली रजा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पेशीवाली’ म्हणत. काचेच्या कपाटात वाढणाऱ्या पेशींना दर दोन दिवसांनी ताजं खाद्य द्यायचं, हे तिचं चार वर्षांचं व्रत. सणसमारंभ, लग्नकार्यं, सगळं त्यापुढे फिकं. आणि गंमत म्हणजे, तिला हे व्रत फार सोयीचं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला, तेव्हापासून त्यांना उचलणं, पुसणं, भरवणं ताईच करत होती. ताईने कधी “थोडे दिवस ये ना” म्हटलं, की हिचं उत्तर तयार असे. “मॅडम सोडत नाहीत गं.” आता ताईचंच पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी महिनाभर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि पळवाट उरली नव्हती.

रजेचा अर्ज घेऊन ती तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी चष्मा वर करून अर्ज वाचला.

“महिनाभर? पेशींचं काय करणार आहेस?”

“त्यांना कोणीतरी...”

“कोणीतरी कशाला? गोठवून टाक. कुप्यांवर नाव, तारीख नीट लिही, आणि जाण्याआधी एक कुपी वितळवून बघ, जगतात ना. मग द्रव नायट्रोजनच्या टाकीत वर्षभर राहिल्या तरी चालतील.” मॅडमनी ‘मंजूर’ लिहून सही केली. “हा तुझ्याकडेच ठेव, विभागप्रमुखांना मी कळवते.”

हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गोठवायला तीच तर शिकवायची.

ती दाराशी पोचली तेव्हा मागून मॅडम म्हणाल्या, “चार वर्षांत पहिल्यांदा रजा मागतेयस. मला वाटायचं, घरी सगळं सुरळीत असेल.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हरांड्यात येऊन तिने फोन लावला.

“मिळाली,” ती म्हणाली.

ताई चक्क रडली. “त्या बाईला मी तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या गं. माझ्यातर्फे त्यांची माफी माग.”

खोटं अजून एकदा सहज पचलं असतं. पण आपल्या पापाचं खापर त्या भल्या बाईच्या माथी किती दिवस फोडायचं?

“ताई, मी रजा कधी मागितलीच नव्हती.”

पलीकडून बाबांचा खोकला तेवढा ऐकू आला.

“पेन आहे जवळ?” ताई शेवटी कोरड्या आवाजात म्हणाली. “लिहून घे. दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा.”

कुप्यांवर नावं लिहायचं पेन तिच्या खिशात होतं. तिने अर्ज पालथा केला आणि मॅडमच्या सहीच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती लिहायला लागली.

“हळू सांग,” ती म्हणाली. “मला यातलं काहीच माहीत नाही.”