चार विद्यार्थी, दोन जागा

पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं चाचणी विभाग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे माघारी 'मोजपट्टी' म्हणत. मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी एकदा त्यांच्यापुढे इंटर्नशिपची योजना ठेवली: चाळीस विद्यार्थी, चार आठवडे, टी-शर्ट, प्रमाणपत्र आणि बिनपगारी काम.

"ही सहल आहे साहेब," बाई म्हणाल्या. "बस कधी सुटते तेवढं सांगा."

"मग तुम्हीच आखा!" साहेब फणकारले.

बाईंनी आखली. पुढच्या वर्षी नोकरीच्या दोनच जागा निघणार होत्या, म्हणून विद्यार्थी चारच घेतले. बारा आठवडे, पहिल्या महिन्यापासून पगार. गोड बोलणाऱ्यांना भाव न देता प्रत्येकाला बिघडलेला पंप उघडायला लावून निवड केली. मग प्रत्येकाच्या हाती वर्षभर रखडलेलं एक खरं काम दिलं, शिकवायला एक जुना माणूस दिला आणि दर शुक्रवारी तपासणी ठेवली.

एका मुलीकडे पंपांच्या गळतीच्या तक्रारींचं काम होतं. सहाव्या शुक्रवारी ती म्हणाली, "बाई, गिऱ्हाइकं गरम पाणी चढवतात. आपण चाचणी गार पाण्यावर घेतो. गळती आपल्याला दिसणारच नाही."

ती पद्धत बाईंनीच घालून दिली होती. बाईंनी पाणी तापवायला सांगितलं. तासाभरात पंप गळू लागला.

"बावीस वर्षं मी काय झोपा काढत होते?" बाई स्वतःवरच खेकसल्या.

बारावा आठवडा संपताच पुढच्या वर्षीच्या दोन जागांपैकी एक त्या मुलीसाठी पक्की झाली. साहेबांनी वार्षिक अहवालात योजना स्वतःच्या नावावर खपवली. बाईंनी तो उघडलाही नाही. त्या नवी पद्धत लिहीत होत्या, आणि ती मुलगी शेजारी उभी राहून चुका काढत होती.