वाइंडिंग गेलेला एसी

कामशेतचा बजरंग एसीचा मेकॅनिक खरा, पण त्याची खरी हौस मरण जाहीर करायची. युनिटवर तळहात ठेवायचा, मान हलवायची आणि हळू आवाजात सांगायचं, "कॉम्प्रेसर गेला. वाइंडिंग जळलं." गिऱ्हाईक बिचारं नवीन घ्यायचं. जुनं धूड बजरंग भंगारात घालण्याची तसदी घ्यायचा. लय परोपकारी माणूस.

पवनानगरच्या धोंडाबाईंनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. साऱ्या एसींची वर्षभराची देखभाल कुणाला द्यायची, हे ठरवायला त्या बजरंगच्या दुकानात आल्या आणि नेमका तेव्हाच दुकानातला एसी बंद पडला. बजरंगला घाम फुटला. स्वतःचाच एसी ज्याला सांभाळता येत नाही, त्याला काम कोण देणार?

पडलेला एमसीबीचा खटका पुन्हा चढवून त्याने करंट मोजायला वायरीला क्लॅम्प मीटर लावला. कॉम्प्रेसर झटक्यात सुरू झाला, पण करंट हळूहळू चढत गेला आणि थोड्या वेळाने एमसीबी पडला. बजरंगमधला विद्वान जागा झाला. "मावशी, कपॅसिटर मेला की मशीन उठतच न्हाई, नुसतं गुरगुरतं आन् लगीच पडतं. हे चालून पडलं. म्हंजे जाळीत घाण, गरमी भाईर जाईना."

तरी त्याने वीज तोडून, कपॅसिटर रिकामा करून मोजला. वर छापल्याइतकाच भरला. वाइंडिंगच्या तिन्ही टोकांतला रेझिस्टन्स जुळला, बॉडीशी कुठे जोड नव्हता; म्हणजे वाइंडिंग धडधाकट. इतकी तपासणी त्याने आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाच्या एसीची केली नव्हती.

धोंडाबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा जुना एसी नुसता गुरगुरून पडायचा."

"तुमचं वाइंडिंगच गेलतं, मावशी," बजरंग घाईने म्हणाला. त्या एसीला त्याने मीटर दाखवलाच नव्हता असं नाही. दाखवला होता, दुकानात आणल्यावर.

मग दुकानाबाहेरच्या युनिटच्या वायरींवर प्लास्टिक बांधून तो मागची जाळी धुवायला लागला. शेजारच्या भातगिरणीचा कोंडा तीत गच्च बसला होता. त्याने पुढची बाजू काही केल्या ओली होऊ दिली नाही. तिथे त्याच्या दुकानाचं भलं मोठं स्टिकर होतं. धोंडाबाईंना अर्धवट धुतलेलं भांडंसुद्धा खपत नाही. त्यांनी पाइप त्याच्या हातून काढून घेतला आणि पुढून जोरात पाणी मारलं. स्टिकरचा कोपरा सुटला, मग अख्खं स्टिकर घसरून खाली पडलं.

खाली लाल ऑइलपेंटमध्ये श्री होता, थोडा डावीकडे कललेला. मागच्या दसऱ्याला पूजेआधी धोंडाबाईंनी आपल्या हाताने काढलेला.

बजरंगला भंगारवाला, गोडाऊन, सरमिसळ असं बरंच काही सांगायचं होतं. पण तोवर धोंडाबाईंनी पाइप खाली ठेवला, पदराने श्रीवरचं पाणी टिपलं आणि त्याला नमस्कार केला.

"जाळी चांगली धुतलीस," त्या म्हणाल्या. "आता चालू करून दाव. करंट चढत न्हाई ना ते मी बघते. मग भिंतीवरनं सोडव आन् जीपमधी ठेव. आमचा हाय तो."