राजाचे विषय

निजामाच्या अमलात, औरंगाबादच्या कॉलेजात आम्हाला एका इंग्रजी धड्याचा मराठी सारांश वर्गात वाचायचा होता. मी आधी धड्यातले महत्त्वाचे शब्द काढून त्यांचे अर्थ लिहिले. 'सब्जेक्ट'समोर कोशातला पहिलाच अर्थ, 'विषय', मांडला आणि सारांश केला: 'विषयांच्या संमतीवाचून राजा टिकत नाही.'

पाचोडचा माझा खोलीसोबती लई हसला. "अरे येड्या, विषय नाय, रयत! म्हंजी तू नि मी. वाक्य बघून अर्थ लावावा."

मी शब्द बदलून वाक्य पुन्हा वाचलं. त्याचं हसू थांबलं. "हे वर्गात वाचणार व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी 'विषय'च वाचलं. वर्ग हसला. सरांनी चूक दुरुस्त न करता "बसा" म्हटलं. तेव्हा मला हायसं वाटलं, याचीच लाज अजून वाटते.