वापीची नोकरी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडं. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

मुलगी बारावी झाली तेव्हा तिच्या मैत्रिणीने वापीची नोकरी सांगितली. ऑफिसातलं काम, पगार चांगला, फक्त आधी ट्रेनिंगचे आणि सामानाचे पैसे भरायचे. आमच्या वेवजी गावात कामाला जाणाऱ्याला आधी उचल मिळते. माझा नवरा गुजरातच्या बोटीवर जातो, तेव्हा बोटीचा मालक उचल देतो. वीटभट्टीचा मुकादमही देतो. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. इथे आपणच द्यायचे होते, म्हणून मला वाटलं, मुलगी कोणाची बांधील राहणार नाही. मी बचत गटातून कर्ज काढून पैसे भरले आणि ती वापीला गेली.

सणाला ती साबण आणि पावडरींचा खोका घेऊन घरी आली.

"पगार झाला का?"

"पगार नसतो, आये. माझ्या खाली दोघी लावायच्या. त्यांनी सामान घेतलं की मला कमिशन."

"आणि त्यांना?"

"त्यांनी त्यांच्या खाली दोघी लावायच्या."

"दिवसभर करतेस काय मग?"

"ओळखीच्या पोरींना फोन. नोकरी आहे एवढंच सांगायचं, बाकीचं तिथे आल्यावर."

मला राग आला नाही, रडूही नाही. तव्यावरची भाकरी उलटली.

पुढच्या गटाच्या बैठकीत शेजारणीने कर्ज मागितलं, तिच्या मुलीला वापीला पाठवायला. माझ्याच मुलीने त्या पोरीला फोन केला होता.

"आता गटच वापीला हलवू," अध्यक्षबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मी बैठकीत बोलत नाही. सही करते आणि बसते. "देऊ नका," मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं.

शेजारीण वळली. "तुझी पोर खुर्चीत बसली तर चालतं, माझी बसली की तुझ्या पोटात दुखतं?"

"तिला पगारच नाही. काम देणारा पैसे देतो ना? मुकादमसुद्धा देतो. हे घेतात. तुझ्या पैशातला वाटा माझ्या पोरीला मिळणार, आणि तुझी पोर आणखी दोघींना शोधत फिरणार."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "नेमणुकीचा कागद आहे?"

"नाही. पावती आहे. ती पण सामान विकत घेतल्याची."

त्या दिवशी कर्ज दिलं नाही. शेजारीण उठून गेली. पुढे बरेच दिवस नळावर मी आले की ती तोंड फिरवायची.

मुलगी वापी सोडून परत आली. फोडलेलं सामान कंपनीवाले परत घेईनात. तो साबण आम्ही घरीच वापरला. मग तलासरीजवळच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. तिथे आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक मागितलं, पैसे मागितले नाहीत. पगार किती आणि कोणत्या तारखेला, ते पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी पहिला पगार खात्यात येईपर्यंत मला खरं वाटलं नाही.

त्याच पगारातून हप्ते गेले. या बैठकीत शेवटचा भरला. व्याजासकट सगळं फिटलं.