मामींनी ठरवलेली आठ तारीख

माझे मामा चांगले माणूस आहेत, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे, त्यावरून तसं वाटणार नाही.

मामा करसल्लागार. दुकानदार, छोटे कारखानदार, छापखानेवाले अशा लोकांची जीएसटीची रिटर्नं भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. दोन खोल्यांचं ऑफिस आणि त्यात आम्ही दोघंच, मामा आणि मी. मी भाची असले तरी ऑफिसात भाचेपणाचे लाड नाहीत. पंधरा वर्षं तिथे बसून माझीही पाठ मामांसारखीच वाकत चालली आहे.

आमच्याकडे महिना एक तारखेला सुरू होत नाही, तो तारखांवर चालतो. अकरा तारखेपर्यंत मागच्या महिन्याच्या विक्रीचं रिटर्न. ते वेळेत गेलं तर चौदाला खरेदीदाराच्या खात्यात ती बिलं दिसतात आणि त्याला त्यावरच्या कराची वजावट घेता येते. ते राहिलं, की आपलं गिऱ्हाईक राहिलं बाजूला, त्याचं गिऱ्हाईक फोनवर भांडायला येतं. मग वीस तारखेला हिशेबाचं रिटर्न आणि कर. मधे तेराला तिमाहीवाले. आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये आलं की विचारूच नका. एकतीस मार्चला वर्ष संपतं. मार्चचं बिल चुकून एप्रिलच्या तारखेने फाडलं तर महिनाच नाही, वर्षच बदलतं. एक एप्रिलपासून बिलांचे नंबर नव्याने सुरू. वर्षभर झोपलेल्या लोकांना मार्चच्या शेवटी जाग येते आणि ते आमच्याकडे येऊन आम्हाला जागं ठेवतात.

अशा माणसाच्या घरात कशालाच मुहूर्त सापडत नाही. माझ्या मामेभावाचा साखरपुडा पंचवीस तारखेला झाला, कारण नवरीकडच्यांनी दिलेली पंधरा तारीख ऐकून मामांना घाम फुटला होता. बिचाऱ्या व्याह्यांना वाटलं, घरात काही सुतक वगैरे असेल.

या सगळ्यात मामींच्या पित्ताशयातले खडे अडकून पडले होते.

सप्टेंबरमध्ये मामींना पहिल्यांदा जोरात दुखलं. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी. मामा म्हणाले, सप्टेंबर संपू दे, ऑडिटचे दिवस आहेत. ऑक्टोबरमध्ये ऑडिटची मुदत वाढली, तेव्हा तोही महिना गेला. डिसेंबरच्या शेवटाला वार्षिक रिटर्नं. मग जानेवारीत मामींना जरा बरं वाटत होतं, तेव्हा विषयच निघाला नाही. फेब्रुवारीत पुन्हा दुखलं, तर मार्च समोर उभा. मी एकदा म्हटलं, “मामा, खड्यांना तारखा कळत नाहीत हो.” मामा म्हणाले, “तू ती छापखान्याची बिलं जुळव आधी.”

मामी शिवणाचे क्लास घेतात. हिशेबाशी त्यांचा संबंध कापडाच्या मीटरपुरता. ऑफिसात त्या डबा द्यायला येतात, बाहेरच्या खोलीत दोन मिनिटं बसतात आणि जातात. त्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘विक्रीच्या रिटर्नची शेवटची तारीख ७. कराच्या रिटर्नची शेवटची तारीख १६.’

आता हे धादांत खोटं आहे. आमच्या धंद्यातले बरेच जण असं करतात. अकरा सांगितलं की लोक अकराला संध्याकाळी पिशवी घेऊन येतात, म्हणून चार दिवस आधीची तारीख ठोकून द्यायची. अर्थात गिऱ्हाइकंही काही दूधखुळी नाहीत. मोबाइलवर सगळ्यांना खऱ्या तारखा कळतात. पाइपांचे एक व्यापारी तर हसत फळ्याकडे बघायचे आणि बरोब्बर अकराला उगवायचे. त्यांना आम्ही ‘अकरावाले’च म्हणायचो. थोडक्यात, तो फळा कुणीच मनावर घेत नव्हतं.

मामींनी घेतला.

मार्चच्या अखेरीस, ऑफिसात पाय ठेवायला जागा नसताना, मामी आतल्या खोलीत आल्या. त्या आत कधी येत नाहीत. खुर्चीवर फायली होत्या म्हणून उभ्याच राहिल्या.

“अहो, मी दवाखान्यात जाऊन आले. आठ एप्रिल घेतली.”

“आठ?” मामांनी चष्मा काढला. “अगं, आठ कशी घेतलीस?”

“तुमच्याच तारखा बघून घेतली. सातला एक संपतं, सोळाला दुसरं. मधे आठवडा मोकळा. डॉक्टर म्हणाले, आठला जागा आहे, नाही तर थेट मे.”

मामी इतक्या समाधानाने हे सांगत होत्या, की मला कुठे बघावं कळेना. मामांनी कपाळाला हात लावला.

“अगं, ते सात-सोळा लोकांसाठी आहे. खऱ्या तारखा अकरा आणि वीस. आठला आम्ही इथे गळ्यापर्यंत बुडालेले असतो.”

“लोकांसाठी म्हणजे?”

“म्हणजे... लोकांनी लवकर यावं म्हणून.”

“आणि येतात लवकर?”

मी छापखान्याच्या बिलात डोकं घातलं.

मामींनी खुर्चीवरून सरकणारी फाइल नीट केली. मग म्हणाल्या, “बरं. मग करा त्यांना फोन. मे म्हणा.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मामांना सोपं गेलं असतं, रागाला उत्तर देता येतं. त्या वळल्या आणि वळताना त्यांनी उजव्या कुशीवर हात दाबून धरला. दाराची चौकट येईपर्यंत हात तिथेच होता.

मामांनी फोन उचलला होता. तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

मला इतका संताप आला होता, की मी फोन हिसकावून घेणार होते. पण मामांनी स्वतःच तो खाली ठेवला. चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि परत फोन उचलून अकरावाल्यांना लावला. मला वाटलं, आता काय नवीन थाप?

“हॅलो, मी बोलतोय. हे बघा, खरं सांगतो. तारीख अकराच आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. पण आठला बायकोचं ऑपरेशन आहे. मला तिच्याजवळ बसायचंय. मार्चची बिलं पाचपर्यंत मिळाली, तर मी सातपर्यंत सगळ्यांचं भरून मोकळा होईन. नाही मिळाली तर दोष माझा नाही.”

मग अकरावाले म्हणाले, “अहो, मग आधी सांगायचं ना राव!”

दुसरा फोन, तिसरा फोन. मामा प्रत्येकाला तेच सांगत होते आणि प्रत्येक वेळी ‘जवळ बसायचंय’ म्हणताना त्यांची जीभ अडखळत होती. तीस वर्षं ज्यांच्याशी ते फक्त करदर आणि दंडाबद्दल बोलले, त्यांना बायकोबद्दल सांगायचं म्हणजे त्यांना फार जड जात असणार. अर्धी यादी मी घेते म्हटलं, तर म्हणाले, “नको. मलाच सांगायला हवं.”

आणि लोक आले! एक एप्रिललाच छापखानेवाले आले. फर्निचरवाल्यांची सून स्कूटरवरून बिलं देऊन गेली, वर ‘काकूंना सांभाळा’ म्हणाली. ज्यांच्या बिलांसाठी मी दर महिन्याला चार चार फोन करते, त्यांनी न विचारता फायली पाठवल्या. इतकी वर्षं फळ्यावर खोटं लिहून जे जमलं नाही, ते आठवडाभरात जमलं. मी भराभर भरत होते, मामा तपासत होते. सातच्या संध्याकाळी यादीत एकच नाव उरलं.

अर्थात अकरावाले!

त्यांचा फोन लागेना. मामा म्हणाले, “जाऊ दे. उद्या दवाखान्यातून बघू. नाहीच आले तर नाही.” हे वाक्य मामांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आठला सकाळी मामींना आत नेलं. मामा ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले, हात मांडीवर, नजर दारावर. मी लॅपटॉप घेऊन शेजारी. तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत अकरावाले आले. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात शहाळं.

“काल मुंजीला—” त्यांनी सुरुवात केली, मग मामांच्या तोंडाकडे बघून थांबले. “जाऊ दे. हे घ्या. सगळं तपासून आणलंय.”

मामांनी पेनड्राइव्हला हात लावला नाही. “तिच्याकडे द्या,” म्हणाले आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

मी तिथेच फाइल चढवली. आकडे खरंच चोख होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटी रिटर्न दाखल करायला ओटीपी लागतो, तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येतो. एरवी या ओटीपीसाठी अकरावाल्यांच्या मागे मला दिवसभर धावावं लागतं. आज ते माझ्या समोर उभे राहून, दवाखान्यात मोठ्याने बोलू नये म्हणून, एकेक आकडा कुजबुजत सांगत होते. नर्सने दोनदा आमच्याकडे संशयाने बघितलं. दाखल झालं. पोचक्रमांक आला. मी मामांना खूण केली, त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. शहाळं बाकाखाली ठेवून अकरावाले त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसून राहिले.

डॉक्टर बाहेर आले.

“छान झालं सगळं,” डॉक्टर म्हणाले. “पण आत सूज बरीच होती. मेपर्यंत थांबला असता तर प्रकरण अवघड झालं असतं.”

माझा जीव भांड्यात पडला. मामांनी फक्त “बरं” म्हटलं आणि रुमाल शोधायला लागले. रुमाल त्यांच्या हातातच होता.

संध्याकाळी मामी नीट शुद्धीवर आल्या. मामा खाटेजवळच्या स्टुलावर. मामींनी पहिला प्रश्न विचारला, “तुमचं रिटर्न?”

“झालं सगळं.”

“बरं झालं. मला सारखी धाकधूक होती.” मग डोळे मिटून हळू आवाजात म्हणाल्या, “फेब्रुवारीत रोज दुखायचं हो. म्हटलं, तुमच्या तारखा संपल्या की सांगू. पण त्या संपतच नव्हत्या.”

मामांनी मामींचा हात धरला, माझ्यासमोर, दार उघडं असताना. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी कागद लिहून दिला. गोळ्या, पथ्य, सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, “टाके बघायला वीस तारखेला घेऊन या.”

वीस. मी मामांकडे पाहिलं. कराच्या रिटर्नचा शेवटचा दिवस, तोही मार्चच्या हिशेबाचा. मामींनीही पाहिलं आणि त्या घाईने म्हणाल्या, “डॉक्टर, एकवीसला चाललं तर—”

“वीसला किती वाजता आणू?” मामांनी विचारलं.