माझी नवरा

सोलापुरात मुलींच्या शाळेत मास्तरीण असताना माझ्या बिऱ्हाडाशेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचे. त्यातल्या सुनेला गिरणीच्या पाळणाघरात आया व्हायचे होते. घरातला माग नवऱ्याचा, त्याची कमाई सासूच्या हातात. तिला स्वतःची नोकरी हवी होती. अट एकच, मराठी बोलता आले पाहिजे. ती मला ‘पंतुलम्मा’ म्हणे, म्हणजे मास्तरीणबाई, आणि शाळा सुटली की दारात हजर.

पहिल्याच दिवशी मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले, “पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, बाई ‘मी जाते’ म्हणते.” तिला ते फार आवडले. इतके, की तिने तोच नियम सगळीकडे लावला. आठवड्याभरात ती म्हणू लागली, “माझी नवरा लई चांगला हाय. माझी घर लहान हाय.” नवऱ्यालाही तिने शिकवून ठेवले. तो बिचारा गवळ्याला सांगे, “माझा बायको दूध मागते.” गल्लीतली पोरे त्याच्यामागून ‘माझा बायको, माझा बायको’ करत हिंडू लागली.

मी कपाळाला हात लावला. “अगं, बोलणारी कोण ते विसर! माझा धोटा, माझी कांडी, माझे सूत. आधी वस्तूकडे बघ, मग तोंड उघड.”

“आमच्या तेलुगूत माझा-माझीला ‘ना’ एकच हाय, पंतुलम्मा. नवरा ‘ना’, कांडी ‘ना’, घर ‘ना’. कांडी बाई हाय, हे कुणी ठरवलं?”

मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसले की मी रागावते. “ठरवलंय कुणीतरी. तू पाठ कर!” असे म्हणून मी तिला घालवून दिले.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोड काढली. विणकराच्या घरात रंगीत सुताला काय तोटा? ‘तो’ला तांबडा दोरा, ‘ती’ला हिरवा, ‘ते’ला पिवळा. तांब्याला तांबडा, वाटीला हिरवा, ताटाला पिवळा. माणसे दोनच जातींची, म्हणून आपल्या मुलाच्या मनगटात तांबडा, मुलीच्या हिरवा. नवरा दुपारी झोपला होता, त्याच्याही मनगटात तांबडा बांधला. तो पाहून, सुनेने करणी केली म्हणून सासूने अंगणात आकांत मांडला. तिची समजूत घालायला मला जावे लागले, आणि तिथे तेलुगू न येणारी मी एकटीच.

पण दोऱ्यांनी काम केले. महिन्याभरात तिचे ‘माझा-माझी-माझे’ माझ्या चौथीतल्या मुलींपेक्षा बरे झाले.

मुलाखतीला मी सोबत गेले. पाळणाघराच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी दुपट्यात गुंडाळलेले, टाहो फोडणारे एक तान्हे मूल प्रत्येकीच्या हातात द्यायचे ठरवले होते. “समज, आई तू आहेस. काय झालंय ते मला सांग.” आमच्याआधी आलेल्या बाईने मूल हातात घेतल्याबरोबर फर्ड्या मराठीत सांगितले, “माझं बाळ भुकेलंय, बाईसाहेब!”

मग आमची पाळी. हिने मूल घेतले, तोंड उघडले, “मा…” म्हणाली आणि थांबली. मूल रडतेय, डॉक्टरीणबाई बघतायत, आणि ही मुकी! मी बाकावर पदर पिळत बसले. तेवढ्यात हिने खाली मांडी घातली, मूल मांडीवर ठेवले आणि चक्क त्याचे दुपटे आणि लंगोट सोडू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

लंगोटाच्या घडीत मुंगळा होता. चिमुकल्या मांडीवर तांबडा चट्टा उठलेला. हिने मुंगळा उपटून फेकला, जागा थुंकीने चोळली, आणि मान वर करून विजयी सुरात म्हणाली, “माझा मुलगा! मुंगळा… चावली!”

डॉक्टरीणबाईंनी स्वतः वाकून चट्टा पाहिला. “सकाळपासून चौघींनी हे मूल घेतलं,” त्या म्हणाल्या. “लंगोट कुणीच सोडून पाहिला नाही. सोमवारपासून ये.”

बाहेर आल्यावर मी विचारले, “मुंगळा आहे हे तुला कळलं कसं गं?”

“कुठलं कळतंय, पंतुलम्मा! माझा का माझी, तेच कळंना. मग बघायला सोडलं.”

“अगं वेडे, ‘बाळ’ ते असतं! मुलगा असो, मुलगी असो, ‘माझं बाळ’ म्हणायचं. सोडायची गरजच नव्हती.”

ती रस्त्यातच उभी राहिली. “हे आधी का नाही सांगितलं?”

“विसरले,” मी म्हणाले. खरोखरच विसरले होते. पुढे कितीतरी वर्षे मी व्याकरण शिकवले, अगदी काना-मात्रेचीही चूक राहू न देता. पण त्यातल्या कुठल्याच धड्याचा मला त्या विसरलेल्या धड्याइतका आनंद झाला नाही.